‘क्षमता’, ‘सामर्थ्य’ की ‘करता येणे’? गरीब घरांवरच्या निबंधातला एक अडलेला शब्द

आबोली
विकासनीतीशास्त्राचा निबंध मराठीत लिहिते आहे. अमर्त्य सेन यांची ‘केपेबिलिटी’ची कल्पना घेऊन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या दोन घरांची तुलना मांडायची आहे. घरे कल्पित आहेत. दोन्हींत चार माणसे, दोन्हींचे उत्पन्न महिना १६,००० रुपये. पहिले घर वाळपईच्या बाजाराला लागून. दुसरे पाच किलोमीटर आत, वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत, आणि तिथे सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. मी लिहिले, ‘उत्पन्न सारखे असले तरी दुसऱ्या घराची क्षमता कमी आहे.’ बाईंनी समासात विचारले, ‘कसली क्षमता? कर्ज फेडण्याची?’ ‘सामर्थ्य’ लिहिले तर अंगातला जोर वाटतो. नेमका शब्द कोणता?

फोंडेकर
सरळ ‘संधी’ लिहा. उत्पन्न म्हणजे हातात काय आहे, संधी म्हणजे पुढे काय करता येईल. सेन यांना हेच म्हणायचे होते. ‘क्षमता’ वाचल्यावर कौशल्य प्रशिक्षणाचे वर्ग डोळ्यांसमोर येतात, म्हणजे गरिबालाच शिकवून तयार करायचे, असा अर्थ निघतो. तो नको.

सत्तरीकर
आमच्या आईच्या खात्यात गोवा सरकारच्या गृह आधार या गृहिणींसाठीच्या योजनेचे १,५०० रुपये येतात. कर्जाला गेलो तर बँकेनेही ‘परतफेडीची क्षमता’ विचारली. हे पैसे क्षमतेत धरायचे की नाही, हेच विचारताय ना?

माटोळी
सत्तरीकर, तुमच्या अर्जातली क्षमता म्हणजे दर महिन्याला किती हप्ता झेपेल. इथला प्रश्न वेगळा आहे, पण तुमचे उदाहरण पुढे लागेल.

फोंडेकर, ‘संधी’ अर्धी बरोबर आहे. वाड्यापासून पाच किलोमीटरवर दवाखाना उघडा असला, की कागदावर संधी झाली. सेन यांचा प्रश्न असा, की त्या बाईला तिथे खरोखर पोहोचता येते का? १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये ‘समता कशाची?’ या व्याख्यानात त्यांनी हा मुद्दा मांडला, तेव्हा अपंग माणसाचेच उदाहरण घेतले होते. तेवढेच पैसे असूनही त्याला तेवढेच काही करता येत नाही. म्हणून पैसे मोजून थांबू नका, त्या पैशांतून माणसाला काय करता येते आणि काय होता येते, ते पाहा.

आणि बघा, उत्तर ह्या वाक्यात आपोआप आलेच: ‘करता येते’. नामाचा हट्ट जरा सोडा. आपल्या भाषेत यासाठी तीन वेगळी क्रियारूपे आहेत, आणि निबंधाला त्यांचा फार उपयोग होईल.

‘जाववते’ म्हणजे शरीराला झेपते. सासूबाईंना ‘जाववत नाही’.
‘जायला मिळते’ म्हणजे कोणी अडवत नाही, घरची कामे सोडतात. सुनेला ‘जायला मिळत नाही’.
‘जाता येते’ म्हणजे सगळे जुळून आले: अंग, परवानगी, वेळ, रस्ता, बस, भाडे. केपेबिलिटी म्हणजे ही तिसरी गोष्ट.

दीपस्तंभ
‘जाता येते’ इतके स्वच्छ नाही. ‘तिला पोहता येते’ म्हणजे तिने पोहणे शिकले आहे, तिला नदीवर कोणी जाऊ देत नसले तरी. ‘वाचता येते’चेही तसेच. ‘ता येणे’ कौशल्यही सांगते आणि शक्यताही. मग बाईंचा ‘कसली?’ हा प्रश्न कायमच राहिला.

माटोळी
आक्षेप मान्य. पण घोळ मराठीचा एकटीचा नाही. सेन यांचीच कल्पना पुढे नेणाऱ्या तत्त्वज्ञ मार्था नसबॉम यांनाही तो सोडवावा लागला. माणसाच्या अंगी तयार झालेली शक्ती त्या आंतरिक मानतात. ती शक्ती आणि बाहेरची परिस्थिती मिळून जे साधते, त्याला संयुक्त म्हणतात. तुमची पोहणारी बाई आंतरिक पातळीवर थांबली, नदीवर जाऊ दिले की संयुक्त पातळीला पोहोचली. गरिबी जोखताना संयुक्तच धरायची. निबंधात पहिल्यांदा ‘वास्तविक सामर्थ्य’ लिहावे आणि पुढच्याच वाक्यात ‘म्हणजे परिस्थितीसकट खरोखर करता येणे’ असे उलगडावे.

आता आबोली, मोठी चूक दुसरीच आहे. ‘घराची क्षमता’. सामर्थ्य घराचे नसते, माणसाचे असते. घराला भूक लागत नाही आणि घर ग्रामसभेला जात नाही. एकाच छपराखाली सून आणि तिचा नवरा यांचे हिशेब वेगळे निघतील. सत्तरीकरांचे १,५०० रुपये इथेच लागतात. आईच्या खात्यात आले हे साधन. ते काढायला बँकेत कोण जाते, कशावर खर्च करायचे हे कोण ठरवते, यावर त्या पैशांचे तिच्यासाठी काय झाले ते ठरते.

सत्तरीकर
काढायला मीच जातो. आई सांगते, ‘तुझा तूच बघ’. हे तिचे ठरवणे नव्हे?

माटोळी
असेलही. एकच विचारून बघा: उद्या ती म्हणाली, ‘यातले पाचशे मला ठेव’, तर ठेवता येतील का? येत असतील तर ‘तूच बघ’ ही तिची निवड. नसतील तर तिने मन मारले असेल. विचारल्यावर ‘मला काही नको’ हे उत्तर दोन्हीकडे सारखेच येते. म्हणून समाधानाचा एकच प्रश्न विचारून काढलेला निष्कर्ष फसतो.

फोंडेकर
पण मग उत्पन्नच दुरुस्त करून का घेऊ नये? सासूबाईंना महिन्यातून दोनदा इस्पितळात न्यायला गाडी, एका खेपेला १,८०० धरा. ३,६०० वजा केले, दुसऱ्या घराचे १२,४०० राहिले. फरक दिसला. नवा शब्द कशाला?

माटोळी
वजाबाकी जरूर करा, निबंधात ती असलीच पाहिजे. पण तिने तेवढेच सापडते जे विकत मिळते. आता उलटे करा. सरकारने दुसऱ्या घराला ३,६०० भरून दिले. उत्पन्न पुन्हा बरोबर झाले. सासूबाईंना कूस वळवायची, भरवायचे, कपडे बदलायचे, हे सगळे सूनच करते. काजूच्या कारखान्यातले काम तिने त्यासाठीच सोडले, आणि नवरा जादा पाळी करतो म्हणून उत्पन्नाचा आकडा १६,००० वर टिकून आहे. आकडा टिकला, दोघांचा वेळ गेला. पैसे भरून दिल्यावरही तिला कामावर जाता येत नाही, कारण वाड्यावर दिवसभर सांभाळायला पगारी माणूस मिळत नाही. पहिल्या घरातल्या बाईला जाता येते. हा फरक वजाबाकीत कुठे बसवणार?

फोंडेकर
वेळेची किंमत धरता येते.

माटोळी
धरता येते, पण कोणत्या दराने, हे ठरवताना तुम्हाला आधी तिला दुसरे काय करता आले असते ते पाहावेच लागते. म्हणजे वळसा घालून तिथेच आलात.

आबोली
एक अडचण. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात २०१९-२१ साठी गोव्यात गरीब ०.८४ टक्के आहेत. बाई म्हणतील, उत्पन्नापलीकडचे मोजूनही गोव्यात गरिबी उरलीच नाही, मग तू काय शोधतेस?

माटोळी
त्या निर्देशांकाचे निकष उघडून वाचा, उत्तर तिथेच आहे. बारा निकष आहेत, आणि भारांकाने एक तृतीयांश किंवा जास्त वंचना जमली तरच घर गरीब ठरते. शिक्षणाचा एक निकष असा: घरात दहा वर्षे किंवा त्यावरच्या एकाही व्यक्तीने सहा वर्षांचे शिक्षण पुरे केले नसेल तर वंचित. म्हणजे नवरा सातवी झाला की सून निरक्षर असली तरी घर पास. घराचा निकष जमीन, भिंत आणि छप्पर कशाचे, हे पाहतो. मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, घर चिरेबंदी असेल तर तोही पास, मग भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, वाद चालू असल्यामुळे न्हाणीघर वाढवायला हात लावता येत नसला तरी. १९७५चा मुंडकार कायदा आला तो याच असुरक्षिततेसाठी. निर्देशांकाला मी चुकीचा म्हणत नाही, देशभरच्या घरांतून तीव्र वंचना चाळून काढायला तो केला आहे. तुमच्या दोन घरांतला फरक त्या चाळणीतून खाली पडतो.

शिवाय निर्देशांक बहुतेक ‘आहे’ आणि ‘करतो’ मोजतो, ‘करता येते’ मोजत नाही. केलेली गोष्ट आणि करता येणारी गोष्ट वेगळी, हे सेन उपवासाने सांगतात. मराठीला हे शिकवायलाच नको: एकादशीला उपवास करणारा आणि उपाशी राहणारा, दोघांच्याही पोटात सारखेच काही नाही. एकाला जेवता येते, दुसऱ्याला नाही.

दीपस्तंभ
मग माणूस प्रत्यक्षात जे करतो किंवा असतो त्याला सेन ‘फंक्शनिंग’ म्हणतात, त्याला मराठीत ‘कार्यशीलता’ लिहितात ते सोडून साधा वर्तमानकाळ वापरावा. ‘जाता येते’ हे सामर्थ्य, ‘जाते’ हे प्रत्यक्ष. ‘कार्यशीलता’ वाचून यंत्र चालू असल्यासारखे वाटते, आणि ‘निरोगी असणे’ ही काही कार्यशीलता नव्हे.

माटोळी
अगदी. ‘प्रत्यक्ष असणे-करणे’ म्हणा. आणि गोव्यात एक सापळा लक्षात ठेवा. ‘गेल्या सात दिवसांत किती वेळा मासे खाल्ले?’ असा प्रश्न निबंधाच्या प्रश्नावलीत घातला आणि जुलैत विचारला, तर उत्तर कमी येणार, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि बाजारात माल थोडा. श्रावणात विचारला तरी कमी येणार, कारण हिंदू घरांत पुष्कळ जण महिनाभर शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतात. डिसेंबरात उत्तर कमी आले तर बहुधा परवडत नाही. ताट तिन्ही वेळा सारखेच रिकामे, कारण तीन. म्हणून आकड्यापुढे एक प्रश्न जोडा: ‘आज मनात आले असते तर मिळाले असते का? नसते तर कशामुळे?’

सत्तरीकर
कोंकणीत आम्ही ‘वचूंक मेळना’ म्हणतो, ते तुमचे ‘जायला मिळत नाही’च. आईला विचारताना मी तसेच विचारीन.

आबोली
परिच्छेद असा बदलला: ‘दोन्ही घरांचे उत्पन्न १६,००० आहे. दुसऱ्या घरातून गाडीचे ३,६०० जातात. ते भरून दिले तरी सुनेला कामावर किंवा रविवारच्या ग्रामसभेला जाता येत नाही, कारण आजारी माणसाजवळ बसणारे दुसरे कोणी नाही. तिच्या नवऱ्याला ग्रामसभेला जाता येते. म्हणून कमी वास्तविक सामर्थ्य घराचे नाही, तिचे आणि सासूबाईंचे आहे.’ आता कामावर जाणे आणि ग्रामसभेला जाणे यांत जास्त महत्त्वाचे कोणते, हे मी ठरवायचे का?

फोंडेकर
नसबॉम यांची दहा मूलभूत सामर्थ्यांची यादी आहे, ती घ्या. राजकीय सहभाग तीत आहेच.

माटोळी
सेन यांनी ठरलेली यादी द्यायला नकार दिला. निवड लोकांच्या खुल्या चर्चेतून व्हावी असे ते म्हणतात. यादी घेतलीत तर वाड्यावरच्या बायकांनी न मागितलेले त्यांच्यावर लादल्याचा आक्षेप येईल. नाही घेतलीत तर मन मारलेली सून ‘ग्रामसभा कशाला’ म्हणेल आणि तो मुद्दा गळेल. मी यादी फक्त विचारण्यासाठी वापरीन, गुण देण्यासाठी नाही.

दीपस्तंभ
मला ते पटत नाही. काय विचारायचे हे यादीने ठरवले, की गुण निम्मे दिलेच. आणि आबोली, ‘बसणारे दुसरे कोणी नाही’ यापुढे नवरा का बसत नाही, हेही लिहा. जादा पाळीमुळे की रीत नाही म्हणून, त्यावर उपाय बदलतो.