बिडाचा तवा की नॉन-स्टिक: डोसा चिकटतो तो कुणामुळे?

घावनप्रेमी:
बिडाच्या तव्याचं कौतुक ऐकून ऐकून एक आणला. तेल लावून तापवून तयारही केला. सकाळी पोळ्या छान होतात, पण संध्याकाळी डोसे टाकले की मधोमध घट्ट धरतात, कडा तेवढ्या सुटतात. नॉन-स्टिकवर तेच पीठ उलथनं लावलं की सुटतं. मग रोजच्या स्वयंपाकाला हे लोढणं कशाला? परंपरेच्या नावाखाली लोकांना फसवणं बंद करा.

मंदआच:
'फसवणं' वाचलं आणि गप्प बसवेना, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सकाळी पोळ्या, संध्याकाळी डोसे, तेही एकाच तव्यावर. दुखणं तिथेच आहे. पोळीला तवा कोरडा आणि चांगला कडक तापवावा लागतो. तेल तापून जो काळा गुळगुळीत थर बसलेला असतो, तो त्या कोरड्या आचेत मधोमध हळूहळू जळून जातो, आणि वर सांडलेली पिठी करपून बसते. उजेडात तवा तिरका धरून बघा. मध्ये राखाडी, रखरखीत गोल दिसला तर डोसा तिथेच धरतोय. कडेचा थर शाबूत आहे, म्हणून कडा सुटतात.

दुसरी गोष्ट आचेची. बीड उष्णता धरून ठेवतं, पण पसरवायला ॲल्युमिनियमच्या मानाने फार सुस्त. मोठ्या आचेवर मधला भाग भडकतो आणि कडा कोमटच राहतात. मंद ते मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तापू द्या. मग पाण्याचे चार थेंब टाका. जागेवर बसून संथ उकळले तर तवा गार आहे. गोळ्या होऊन सैरावैरा पळाले तर फार तापलाय. चुर्रकन वाजून दोन-तीन सेकंदांत उडाले की पीठ टाका. जास्त तापलेल्या तव्यावर पीठ पसरतच नाही, वाटीबरोबर गोळा होऊन येतं. तेव्हा पाण्याचा हबका मारून फडक्याने पुसायचं, आच कमी करायची, पीठ पसरायचं आणि मग आच वाढवायची. तेल थबथबीत नको, नाहीतर पीठ तव्यावर बसायच्या ऐवजी घसरतं. अर्धा कांदा तेलात टेकवून चोळला की पुरे.

दुरुस्तीसाठी मधला गोल काथ्याने घासा, धुवा, गॅसवर पूर्ण कोरडा करा. अर्धा चमचा तेल सगळीकडे चोळा आणि मग कोरड्या फडक्याने असं पुसा की तेल लागलंच नव्हतं. धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा. हाताला चिकट लागलं तर तेल जास्त राहिलंय. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच, जाड थर म्हणजे चांगला थर असं वाटून.

आणि पोळ्यांना वेगळा तवा घ्या.

पटकन_सुटतं:
म्हणजे एक डोसा खायला आठ मिनिटं गॅस, थेंबांची परीक्षा, कांद्याची आरती आणि वर दुसरा तवा! एकट्या माणसाला एक ऑम्लेट करायचं असेल तर? नॉन-स्टिक दोन मिनिटांत तयार, तेल थेंबभर. मनगट दुखणाऱ्या माणसाने तो बिडाचा तवा एका हाताने उचलून धुवून दाखवावा. आणि हातातून निसटला की तडकतो, हे कुणी सांगत नाही.

सोनचाफा:
तेल वाचवा आणि विष खा! नॉन-स्टिकचा थर खरवडून पोटात जातो, तिथे साठतो. ओरखडा पडलेला तवा म्हणजे आजाराला आमंत्रण.

मंदआच:
सोनचाफा, ओरखडे पडलेला तवा काढून टाका हे बरोबर, कारण अन्न तिथेच धरायला लागतं. पण निघालेला कण पोटात साठत नाही. तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. खरा धोका रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरण्याचा आहे. साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर तो थर बिघडायला लागतो, 350 च्या पुढे वेगाने तुटतो आणि त्याच्या वाफा घातक असतात. पाळलेले पक्षी त्या वाफेने मरतात. फोडणीत तेल असतं, ते आधीच धुरावून सावध करतं. कोरड्या तव्यावर सावध करणारं काहीच नसतं. म्हणून पोळी-भाकरीला नॉन-स्टिक नको, ऑम्लेटला खुशाल वापरा.

भाकरतुकडा:
एवढी चर्चा कशाला? आमचा भाकरीचा लोखंडी तवा कधी चिकटत नाही, कारण त्याला साबण लागलेला नाही. राखेने घासायचा, संपलं. ह्यांनी साबण लावला असणार. साबणाने तव्याचं तेल निघून जातं, लहान मुलालाही कळतं.

पटकन_सुटतं:
प्रश्न बिडाच्या तव्याचा आहे, तुमच्या पत्र्याच्या तव्याचा नाही. आणि साबण न लावलेल्या तव्याला खवट वास येतो, तो कोण खाणार?

मंदआच:
साबणावर उगाच आळ घेताय. तापून घट्ट झालेला थर म्हणजे आता तेल राहिलेलंच नसतं, भांड्यांच्या साध्या साबणाने तो निघत नाही. वरचं सुटं तेल जातं आणि ते गेलेलंच बरं, खवटपणा त्याचाच. तव्याला मारतं ते रात्रभर पाण्यात भिजत ठेवणं, तारेची घासणी आणि धुण्याचा सोडा. धुतल्यावर ओला ठेवला तर तासाभरात तांबूस छटा येते. म्हणून दोन मिनिटं गॅसवर ठेवून कोरडा करायचा. आणि राख? राख खरखरीत असते, शिवाय क्षारयुक्त. थर काढायला ती साबणापेक्षा जास्त कडक!

भाकरतुकडा:
वा! म्हणजे पिढ्यानपिढ्या बायका चुकत होत्या आणि साबणवाले शहाणे. पुस्तकी ज्ञान भाकरी थापताना उपयोगी पडत नाही.

मंदआच:
चुकत नव्हत्या. भाकरीच्या तव्याला तो थर लागतच नाही. भाकरीचा ओला पृष्ठभाग तापलेल्या लोखंडावर पडला की वाफ धरते आणि भाकरी आपोआप सुटते. तिथे राख चालते. डोशाच्या तव्याला तीच राख घातक. तवा वेगळा, काम वेगळं, एवढंच म्हणतेय.

भाकरतुकडा:
हां, मग आधी तसं म्हणायचं. राख वाईट म्हणालात ते मागे घ्या.

सोनचाफा:
चिंच-टोमॅटो घातलेलं बिडात करावं का, ते कुणीच बोललं नाही. त्यातून लोह मिळतं म्हणतात.

मंदआच:
मिळतं, आणि आंबट पदार्थात जास्तच उतरतं. पण आमटी तासभर उकळली तर थर विरघळतो, चव धातूसारखी लागते, रंग काळवंडतो. झटपट परतायचं असेल तर चालेल. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. शरीरात लोह साठण्याचा आजार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घावनप्रेमी:
तवा तिरका धरून बघितला. मध्ये राखाडी गोल आहे, बरोबर बर्नरएवढा. ठीक, 'फसवणं' शब्द मागे घेतो. लोढणं मात्र घेत नाही. पण इंडक्शनवर काय करायचं? तिथे तर मधलाच भाग तापतो.

मंदआच:
इंडक्शनवर सर्वांत कमी पातळीवर सुरू करून पाच मिनिटांनी वाढवा. एकदम वरच्या पातळीवर टाकला तर मधला भाग फुगू पाहतो, कडा गार असतात आणि तवा तडकू शकतो. शेगडीची तबकडी लहान असेल तर मोठ्या डोशाच्या कडा कच्च्याच राहणार, त्याला इलाज नाही. तवाच लहान घ्या.

पटकन_सुटतं:
म्हणजे आता लहान तवा, मोठा तवा, पोळीचा तवा. पोळ्या नॉन-स्टिकवर करत नाही, एवढं तुमचं ऐकलं. ऑम्लेटच्या बाबतीत वाद नाहीच, तुम्हीच कबूल केलंत.

भाकरतुकडा:
आणि राख?