रामकुंडावरची गर्दी आणि ध्वज: सगळंच टेक्स्चरमध्ये बेक करायचं का?

पंचवटीकर
२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रामकुंडाचा घाट रिअल-टाइममध्ये उभा करतोय. ५००० माणसं, २०० भगवे ध्वज, आणि बघणारा कॅमेरा हवा तिकडे फिरवणार. एक माणूस १५०० वर्टेक्सचा, ४० बोन्सचा, ८ क्लिप, प्रत्येक २ सेकंदांची. शरीरं ४ प्रकारची. नेहमीच्या स्किनिंगने ५०० माणसांतच चित्र अडखळतं. माझं मत असं, की माणसं आणि ध्वज, सगळंच वर्टेक्स ॲनिमेशन टेक्स्चरमध्ये बेक करावं. एकच शेडर, विषय संपला. कोणाला यात चूक दिसते का?

गोदाकाठ
ध्वज जरूर करा. माणसं नका करू.

ध्वजाच्या कापडाला सांगाडा नसतो. त्याचा प्रत्येक वर्टेक्स आपापल्या वाटेने जातो, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला प्रत्येकाची जागा लिहून ठेवणं हेच तिथे सरळ आहे. माणसाचे १५०० वर्टेक्स मात्र मोकळे नाहीत, ४० हाडं हलली की ते मागोमाग येतात. मग १५०० जागा लिहून ठेवायच्या कशाला?

हिशेब मांडून बघा. २ सेकंदांची क्लिप ३० फ्रेमच्या वेगाने म्हणजे ६० फ्रेम. १५०० गुणिले ६० म्हणजे ९० हजार टेक्सेल. जागेला १६-बिटचे ८ बाइट आणि नॉर्मलला ४ धरले, तर एका क्लिपला जवळपास ११ लाख बाइट. ८ क्लिप आणि ४ शरीरं मिळून साधारण ३५ एमबी. आता लांबच्या माणसांसाठी ६०० आणि २०० वर्टेक्सचे हलके मेश लागणारच. त्यांचे वर्टेक्स वेगळे, म्हणून त्यांचं बेकिंगही वेगळं. गेलात ५३ एमबीवर.

त्याऐवजी बोन्सचे मॅट्रिक्स टेक्स्चरमध्ये लिहा. ४० बोन्स, प्रत्येकी ३ टेक्सेल, ६० फ्रेम, म्हणजे ७२०० टेक्सेल. आठही क्लिप मिळून अर्धा एमबीसुद्धा होत नाहीत. सांगाडा आणि त्याची मापं एकच ठेवलीत, तर चारही शरीरं आणि तिन्ही मेश त्याच टेक्स्चरवर चालतात. उद्या कोणी म्हणालं की फेटा जरा मोठा करा, तर फक्त मेश बदलायचा.

सिडकोवाला
दादा, हिशेब बरोबर आहे, पण तो चुकीच्या जागी लावलाय. साध्या ग्राफिक्स कार्डालाही आज काही जीबी मेमरी असते. ५३ एमबीसाठी कोण अडून बसलंय?

खरा खर्च वर्टेक्स शेडरमध्ये आहे. वर्टेक्स टेक्स्चरमध्ये दोन फ्रेमच्या जागा आणि दोन फ्रेमचे नॉर्मल, मिळून ४ वाचनं. तुमच्या पद्धतीत एका वर्टेक्सवर ४ बोन्स, प्रत्येकाचे ३ टेक्सेल, दोन फ्रेम, म्हणजे २४ वाचनं आणि वर गुणाकार. ५००० माणसं गुणिले १५०० म्हणजे ७५ लाख वर्टेक्स, सावलीसाठी तेवढेच पुन्हा. तिथे सहापट वाचनं जाणवतात. शिवाय पंचवटीकर एकटेच काम करतायत असं दिसतं. एकच शेडर, एकच बेकिंगची स्क्रिप्ट, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. फेटा बदलला तर रात्री बेकिंग लावून झोपायचं.

आडगाव नाका
एवढं कशाला? कॅमेऱ्याची वाट ठरवा आणि ब्लेंडरमध्ये रेंडर करून व्हिडिओ लावा. आम्ही एका जत्रेसाठी तसंच केलं होतं. त्यात ध्वज, धूर, पाणी, सगळं आलं.

पंचवटीकर
@आडगाव नाका, कॅमेरा लोकांच्या हातात असणार आहे. कोणी गांधी तलावाकडे वळेल, कोणी पायऱ्यांवरून खाली येईल. व्हिडिओ नाही चालणार.

मेनरोड
मेमरीचाच प्रश्न असेल तर ८-बिट टेक्स्चर वापरा. कमाल-किमान मर्यादा शेडरला द्यायची आणि त्यात ० ते २५५ पसरवायचं. निम्म्यात काम होतं. मी गर्दीला असंच केलंय, काही फरक दिसत नाही.

गोदाकाठ
@मेनरोड, लांबच्या गर्दीला चालेल, तिथे तुमचं बरोबर आहे. हालचालीचा आवाका २ मीटर असेल तर २५५ पायऱ्यांत एक पायरी ८ मिलिमीटरची होते, आणि ४० मीटरवरून ती कोणाला दिसत नाही. पण पंचवटीकरांच्या ध्वजाचं टोक ६ मीटरच्या आवाक्यात फिरत असेल तर पायरी सव्वादोन सेंटिमीटरची होते. वारा जोराचा असताना कळत नाही. वारा मंदावला, कापड जवळजवळ स्थिर झालं, की सगळं कापड थरथरायला लागतं. ध्वजाला १६-बिटच हवं.

१६-बिटातही एक खोच आहे. आकडा मोठा झाला की त्याची बारकाई कमी होते. काठी ९ मीटरची आणि मूळ बिंदू जमिनीवर असेल, तर ९ च्या आसपास पायरी पुन्हा ८ मिलिमीटरचीच. म्हणून वर्टेक्सची जागा न लिहिता मूळ स्थितीपासून तो किती सरकला तेवढंच लिहा. आकडे लहान राहतात, बारकाई टिकते.

@सिडकोवाला, २४ वाचनं हा आकडा मान्य. पण लांबच्या २०० वर्टेक्सच्या माणसाला एकच बोन पुरतो. मधल्याला दोन. आणि ती वाचनं अर्ध्या एमबीच्या टेक्स्चरमधून होतात, ते कॅशमध्ये टिकतं. ७५ लाख वर्टेक्सचं म्हणाल, तर ते दोन्ही पद्धतींत सारखेच. हलके मेश लावल्याशिवाय कोणतीच पद्धत वाचवणार नाही.

माझा मुख्य मुद्दा मेमरीचा नाहीच. चालणारा माणूस थांबून हात जोडतो, तेव्हा दोन क्लिप एकमेकींत मिसळाव्या लागतात. वर्टेक्सच्या जागा मिसळल्या की खाली असलेला हात आणि छातीशी असलेला हात यांच्यामधल्या सरळ रेषेवरून हात जातो. मध्यावर तो आखूड आणि चपटा दिसतो. मॅट्रिक्स सरळ मिसळले तरी थोडं आक्रसतंच. म्हणून मी प्रत्येक बोनचं क्वाटर्निअन आणि स्थान असं साठवतो. दोनच टेक्सेल लागतात आणि हात गोलाकार वळतो.

सिडकोवाला
क्वाटर्निअनचं पटलं. त्याने २४ ची १६ होतात. पण घाटावर ५००० पैकी एका वेळी क्लिप बदलणारे किती? बाकीचे चालतच असतात. बदलणारे पन्नास-शंभर असतील तर त्यांना नेहमीचं स्किनिंग द्या, उरलेल्यांना वर्टेक्स टेक्स्चर. माझं मत अजून तेच आहे.

येवलेकर
तुम्ही दोघं ज्याला माणूस म्हणताय त्याने शर्ट-पँट घातलीय असं वाटतंय. मी साड्यांच्या दुकानासाठी चालत्या बाईवर पैठणी दाखवली होती. पदर, निऱ्या, चालताना मागे येणारा घोळ, यातलं काहीच ४० बोन्सात बसत नाही. निऱ्या मांडीच्या हाडाला बांधल्या की सलवारीसारख्या दुभंगतात. शेवटी कापडाचं सिम्युलेशन केलं आणि पूर्ण बाईच वर्टेक्सनुसार बेक केली. रामकुंडावर निम्म्या बायका नऊवारी-सहावारीत आणि बरेच पुरुष धोतरात असणार. त्यांचं काय?

गोदाकाठ
ताई, हा आक्षेप खरा आहे. यावर मी अर्धंच उत्तर देऊ शकतो.

डेम बोन्स नावाचं एक मोफत साधन आहे. त्याला सिम्युलेशन केलेल्या कापडाच्या फ्रेम दिल्या, की त्या हालचालीला जुळतील असे बोन्स आणि त्यांची वजनं ते स्वतः शोधतं. पदराला ६-८ आणि निऱ्यांना तेवढेच बोन्स वाढवले, तर लांबून साडी साडीसारखी दिसते. पदराची मोठी लहर येते, बारीक चुण्या जातात. जवळच्या २०-३० बायकांना तुमच्यासारखं वर्टेक्सनुसार बेक करावं. मधल्या अंतराचं मला अजून समाधानकारक जमलेलं नाही. एका मेशवरून दुसऱ्यावर जाताना पदर झटका देतो.

येवलेकर
तो झटकाच माझ्या गिऱ्हाइकाने पहिल्यांदा बोट ठेवून दाखवला होता. मी मधल्यांनाही वर्टेक्सनुसारच ठेवीन.

पंचवटीकर
माणसांचं ठरवायला वेळ लागेल. आज फक्त ध्वज केला. १००० वर्टेक्स, १२० फ्रेम. शेडर असा:

```
float2 uv = float2((id + 0.5) / 1000.0,
                   (frame + 0.5) / 120.0);
v.vertex.xyz += tex2Dlod(_PosTex, float4(uv, 0, 0)).xyz;
```

पहिल्यांदा ध्वजाऐवजी काटेरी साळिंदर दिसलं. आता नीट फडकतोय, पण तीन गोष्टी खटकतात. दर ४ सेकंदांनी कापड उडी मारतं. विविधता यावी म्हणून ध्वज वेगवेगळ्या कोनांत फिरवले, तर घाट विचित्र दिसतोय. आणि जमिनीवरची सावली पाटीसारखी ताठ आहे.

गोदाकाठ
साळिंदर म्हणजे आयात करताना वर्टेक्सचा क्रम बदलला. `Optimize Mesh` आणि `Weld Vertices` बंद केलंत म्हणून सुटलं असेल. कायमचा इलाज म्हणजे वर्टेक्सचा क्रमांक मेशच्या दुसऱ्या यूव्हीमध्ये लिहून ठेवणं. मग क्रम कसाही बदलो.

उडी: वाऱ्यातलं कापड आपणहून पहिल्या स्थितीला परत येत नाही. २०० फ्रेमचं सिम्युलेशन करा आणि ते ० पासून मोजा. पहिल्या ६० टाका, तोवर कापड वाऱ्यात बसलेलं नसतं. ८० ते १९९ या १२० फ्रेम ठेवा. त्यातल्या शेवटच्या २० हळूहळू ६० ते ७९ मध्ये मिसळत न्या. शेवटची फ्रेम ७९ सारखी होते आणि तिच्यापुढे ८० आपसूक येते. मात्र मिसळणाऱ्या दोन्ही ठिकाणी मोकळं टोक साधारण एकाच बाजूला असू द्या. नाहीतर उडी जाऊन तिच्या जागी कापड क्षणभर आक्रसताना दिसेल.

कोन: वारा टेक्स्चरमध्येच बेक झालाय. ध्वज फिरवला की त्याचा वाराही फिरतो. तुमच्या घाटावर २०० दिशांनी वारा वाहतोय! सगळे ध्वज एकाच दिशेला ठेवा, १०-१५ अंशांचा फरक पुरे. विविधता सुरुवातीची फ्रेम, वेग आणि आकार यांतून आणा. बघणाऱ्याने वाऱ्याची दिशा बदलायची असेल तर ही पद्धत तिथेच संपते.

सावली: ती वेगळ्या पासमध्ये काढली जाते आणि तुमची ओळ तिथे नाही. तीच ओळ सावलीच्या आणि डेप्थच्या पासमध्येही घाला. हात घातलाच आहे तर मेशची सीमा पण वाढवा. ती फडकत्या ध्वजाची नसून मूळ सपाट कापडाची आहे, त्यामुळे कॅमेरा वळवताना पडद्याच्या कडेचे ध्वज अचानक गायब होतील.

पंचवटीकर
कडेचे ध्वज गायब होतच होते, मी कॅमेऱ्याला दोष देत होतो. सावली आता कापडाबरोबर हलतेय. ६० ते ७९ चं मिसळणं उद्या करतो. माणसांसाठी दोन्ही पद्धतींनी ५००-५०० जण बेक करून याच मशीनवर वेळ मोजतो, साडीतल्या बायका धरून.

सिडकोवाला
मोजताना कॅमेरा पायऱ्यांच्या तळाशी ठेवा. वरून बघितलं तर सगळेच लांब असतात, तिथे दोन्ही सारखेच दिसतील.