४०२ मधल्या काकूंच्या डब्यांबद्दल

३०१ : सर्वांना नमस्कार. सासूबाईंचे चौदावे परवा झाले आणि आता मन थोडे थाऱ्यावर आल्यामुळे हे लिहायला बसले आहे. त्या पहिल्या आठवड्यात अनेकांनी धीर दिला, त्या सर्वांची मी ऋणी आहे. परंतु ४०२ मधल्या काकूंनी सात दिवस जे डबे पाठवले, त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण त्यात काय काय पाहिले गेले होते हे आम्हालाही नंतरच उमगले.

पहिल्या दिवशी स्मशानातून परत आल्यावर घरात चूल पेटवायची नसते, म्हणून काकूंनी रीतीप्रमाणे पिठले-भात आणला. देताना त्यांनी एकच प्रश्न विचारला : तुमच्याकडे दहा दिवस फोडणी चालते का? आमच्या घरी चालत नाही, असे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पुढे काय आणू, कधी आणू हे एकदाही विचारले नाही. दुःखाच्या घरातल्या माणसाला "काय आणू?" या प्रश्नाचेही ओझे होते, हे मला त्या आठवड्यात कळले.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. सासूबाई गेल्यापासून आमच्या दादांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कवळी काढून ठेवली होती. ते जेवत नाहीत ते दुःखामुळे, असे आम्ही धरून चाललो होतो आणि पोळी-भाजीचे ताट तसेच परत जात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मधुमेहाची गोळी घेऊनही ते जेवले नाहीत, तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि साखरेचे पाणी पाजावे लागले. त्या संध्याकाळपासून काकूंचा डबा दुपारी साडेबारा आणि रात्री साडेसात या वेळा सांभाळून येऊ लागला, आणि त्यात चावावे लागेल असे काहीही नव्हते.

त्या रात्री मऊ भात, मेतकूट आणि साजूक तूप होते. मेतकुटात डाळी, तांदूळ आणि गहू कोरडेच भाजून हळद-हिंगासह दळलेले असतात, त्यामुळे फोडणीचा प्रश्नच येत नाही. दादांनी चार घास घेतले, ते त्या दोन दिवसांतले पहिलेच. नुसत्या भाताने साखर वाढेल म्हणून दुसऱ्या दिवशी साध्या वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आली. ती इतकी बारीक कुस्करलेली होती की आधी ओळखूच आली नाही. शुक्रवारी दह्यात कालवलेले उकडलेल्या लाल भोपळ्याचे भरीत होते, तेही फोडणीवाचून.

पण मला विशेष आठवते ती गुरुवारची तांदळाची उकड. एरवी उकडीला लसणाची खमंग फोडणी लागते. काकूंनी ताकातच आले-मिरचीचे वाटण, हिंग आणि मीठ घालून, पीठ गार ताकात कालवून मगच ते चुलीवर ठेवले होते आणि वर कच्चे तेल वेगळ्या वाटीत दिले होते. दादांनी वाटी पुसून खाल्ली आणि "हिंग बरोबर पडला आहे," असे म्हणाले. स्वयंपाकावर टीका करण्याची त्यांची सवय परत आलेली पाहून आम्ही दोघे स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

(जाता जाता एक विनंती : बुधवारी तीन घरांतून एकाच वेळी पोळ्या आल्या आणि बऱ्याच वाया गेल्या. काकूंनीच मग शेजारी सांगून दुधाच्या पिशव्या आणि भेटायला येणाऱ्यांसाठी चहाचा थर्मास यांची वाटणी लावून दिली. पुढे कुणावर अशी वेळ आली, तर एका घराने ठरवावे आणि बाकीच्यांनी त्यांना विचारून पाठवावे.)

काकू, तुमचे सहा डबे धुऊन ठेवले आहेत. सुतकात आमच्या घरचे काही देता येत नव्हते आणि डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून इतके दिवस अडवून ठेवले. आज संध्याकाळी घेऊन येते.

१०४ : ताई, वाटणीची सूचना योग्य आहे. बुधवारच्या पोळ्यांमध्ये आमच्याही होत्या, हे कबूल करतो.

४०२ : अगं, एवढे लिहायची काहीच गरज नव्हती. आणि खरे सांगायचे, तर गुरुवारची उकड माझ्या मनासारखी झाली नव्हती. आधी केलेल्या घाण्यात घाईने तापलेल्या ताकात पीठ टाकले, त्याच्या गुठळ्या झाल्या. तो घाणा आम्ही घरी खाल्ला आणि तुमच्यासाठी दुसरा केला. उकडीला चकाकी येऊन ती भांड्याची कड सोडेपर्यंत हलवायला हवी होती, ती मी जरा आधीच उतरवली. दादांना कच्चट लागली नाही ना, हीच मला काळजी होती. डब्यांचे राहू दे. दादांनी कवळी लावली की मला तेवढे कळव, मग थालीपीठ पाठवते.

३०१ : काल संध्याकाळी लावली, काकू.