अनुभव धागा: गोरं करणारी डबी सोडल्यावर तुमच्या चेहऱ्याने काय काय दाखवलं?

केळीवाली_रावेर
आखाजीला भाची माहेरी आली. झोक्यावर बसली होती, उन्हात गाल असे लाल की आजी म्हणाली, "तुना तोंडले काय व्हयनं वं?" मला विचारायची गरजच पडली नाही. पर्समध्ये पांढरी डबी निघाली, लेबल नाही, नाव नाही. सात वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच होती.

पार्लरवालीने "नाईट क्रीम" म्हणून दिली होती. आठव्या दिवशी शेजारीण म्हणाली, काय गं उजळलीस! मग काय, आठ महिने लावली. पाचव्या महिन्यात हनुवटीवर एकसारख्या बारीक पुळ्या, सगळ्या एकाच मापाच्या, मोहरीसारख्या. चुलीपुढे बसलं की गाल पेटायचे. गालावर बारीक लाल रेषा, आणि वरच्या ओठावर लव वाढली. पुळ्यांसाठी परत पार्लरला गेले तर ती म्हणे, "घाण बाहेर पडतेय, अजून लाव."

शेवटी सोडली. दोन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी डोळ्याखाली सूज, तोंड भाजल्यासारखं. वाटलं, क्रीम होती तेच बरं होतं. लावली. दोन तासांत शांत! असं तीन वेळा झालं. मला वाटायचं क्रीम हे औषध आहे आणि माझी कातडीच खराब. उलट होतं, ते कळायला डॉक्टर लागला.

तुमचं सांगा. भाचीला वाचून दाखवणार आहे.

चोपड्याची_सून
सेम टू सेम. फक्त मी पाच वेळा परत लावली 🙈 बाकी रात्री लिहिते, कुरडयांचा चीक शिजतोय.

मेडिकलवाला_भाऊ
मी काउंटरच्या या बाजूचा. लाज वाटते पण लिहितो. वांगासाठी तीन औषधांची एक ट्यूब येते: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि तिसरं मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. हे तिसरं म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टर ती काही आठवड्यांपुरती, नजर ठेवून देतात. आमच्याकडे बाया एका चिठ्ठीवर दोन-दोन वर्षं न्यायच्या, आणि नंतर चिठ्ठीही नाही, "ती गुलाबी ट्यूब द्या" एवढंच. मी दिल्या आहेत.

खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल. शेवटी "सोन" नाहीतर "सोल" दिसलं की थांबून विचारा (सगळेच सोल स्टेरॉइड नसतात, बुरशीच्या क्लोट्रिमाझोलमध्ये "झोल" आहे). पण पार्लरच्या डबीत काय वाचणार? तीत बहुतेक वेळा हीच ट्यूब कोल्ड क्रीममध्ये कालवलेली असते.

बोदवडकर
माझं गोरेपणाचं नाही, गजकर्णाचं. मांडीला चट्टा. मेडिकलमधून ट्यूब आणली, खाज दोन दिवसांत बंद. थांबवली की परत, आणि मोठा. वर्षभरात पोटापर्यंत. कडाच दिसत नव्हत्या, डॉक्टरलाही आधी गजकर्ण वाटेना. त्या ट्यूबमध्येही तेच सोल. धाग्याचा विषय नसेल तर सोडा, पण मेडिकलवाला भाऊ, तुम्ही कुठले हो? 😄

मेडिकलवाला_भाऊ
@बोदवडकर तुमच्या गावचा नाही, देवाशपथ.

जळगावची_परी
ताई, माझं २२ मे ला लग्न आहे, मग कोणती क्रीम लावू? पंधरा दिवसांत फरक पडेल अशी सांगा ना प्लीज

चोपड्याची_सून
@जळगावची_परी अगं माय, धागा वरून वाच!!

धुळे_ओपीडी
धुळ्यात चर्मरोग ओपीडीत काम करते, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. उन्हाळ्यात रोज असे दोन-तीन चेहरे.

परी, तुलाच आधी सांगते. आठ दिवसांत उजळवणारी गोष्ट रंग बदलत नसते. स्टेरॉइडने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तोंड फिकट दिसतं. रोज आकसायची सवय लागली की बंद केल्यावर त्याच वाहिन्या एकदम फुगतात, तीच आग. केळीवाली ताईंना चौथ्या दिवशी जे झालं ते हेच. कातडी पातळ होते म्हणून आतल्या रेषा दिसतात, आणि ऊन, चूल, साबण सगळं चावतं. लग्नाच्या आधी महिनाभर लावून हळदीच्या दिवशी सोडलीस तर फोटोत काय येईल, बघ.

आमच्याकडे ओळखायची खूण साधी आहे. पेशंटने "सोडली की वाढतं, लावली की बसतं" असं स्वतःहून म्हटलं, की पहिला संशय त्या डबीवर.

अमळनेर_आजी
ताजं दही नि लिंबू लावा, आतली उष्णता निघते. आमच्या वेळी हळद-बेसन होतं, कुणाची तोंडं जळाली नाहीत.

केळीवाली_रावेर
@अमळनेर_आजी बेसनाचं खरं आहे, आजी, चांगल्या कातडीला. पण मी त्या दिवसांत लिंबू लावलं आणि रडले. तेव्हा साधं पाणीसुद्धा झोंबतं.

चोपड्याची_सून
चीक झाला. माझं कॅलेंडर लिहिते, कारण मला तेव्हा कुणी तारखा सांगितल्या नव्हत्या.

पहिला आठवडा सूज आणि आग. दुसरा सर्वात वाईट, पुळ्या पिकल्या. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली (दिवस राहिलेल्यांना चालत नाही, त्यांनी आधी विचारलं). मलमलचं फडकं माठाच्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. वासाचं काही नाही, साधं मॉइश्चरायझर, उन्हात ओढणी आणि सनस्क्रीन. फेशियल, ब्लीच, स्क्रब बंद. तिसऱ्या आठवड्यात फुगवटा उतरला, दीड महिन्याने पुळ्या. पण लाली चार महिने होती, आणि मध्येच एखाद्या दिवशी परत भडकायची, मग वाटायचं सगळं वाया गेलं. ओठावरची लव सहा-सात महिन्यांत आपोआप विरळ झाली. नाकाच्या बाजूच्या दोन रेषा अजून आहेत. त्या लेझरने जातात म्हणे, मी नाही केलं.

आणि हो, क्रीमआधीचा वांगाचा डाग परत आला, थोडा जास्त गडद. तेही खरं आहे.

पारोळा_एक्सप्रेस
मला डॉक्टरांनी एकदम बंद करू दिली नाही. आधी हलकं स्टेरॉइड, मग दिवसाआड, मग टॅक्रोलिमसचं मलम. सुरुवातीला तेही चुरचुरतं. तुम्हाला सगळ्यांना एकदम बंद का सांगितलं? कोण बरोबर?

धुळे_ओपीडी
@पारोळा_एक्सप्रेस दोन्ही पद्धती चालतात, आमच्या दोन डॉक्टरांतच एकमत नाही. किती कडक स्टेरॉइड होतं, किती महिने, यावर बघतात. वर्षभर क्लोबेटासोल लावणाऱ्याला एकदम तोडलं तर तो चौथ्या दिवशी परत दुकानात असतो. जाताना डबी सोबत न्या, फेकू नका. आतलं ओळखू येत नसलं तरी किती दिवसांत एक डबी संपायची, हे डॉक्टरांना हवं असतं.

केळीवाली_रावेर
भाचीला वाचून दाखवलं. "मामी, पण सासूबाईंनीच आणून दिली" म्हणाली आणि गप्प झाली. आता याला काय करू? सोमवारी धुळ्याला नेतेय, डबी पिशवीत टाकली.

चोपड्याची_सून
सासूला सांगा, डॉक्टरने उन्हामुळे बंद केली. ४४ अंशात कोण विचारतंय.

अमळनेर_आजी
@चोपड्याची_सून कुरडयांना गहू किती दिवस भिजवले गं? आमच्या यंदा लाल पडल्या.

चोपड्याची_सून
तीन, आजी. पाणी रोज बदलायचं.