सेवांच्या पानावरची गळती : हीटमॅप पुरे, की रेकॉर्डिंगही पाहायचे?

मेधा (कर्वेनगर), मूळ पोस्ट : आमच्या टाकी-सफाईच्या सेवांच्या पानाचा, लोक कुठवर उतरतात ते रंगांत दाखवणारा हीटमॅप पाहिला. दरपत्रकाच्या खाली शंभरातले जेमतेम तीस जण उतरतात. लोकांना वाचायचा कंटाळा आहे, हे उघड आहे. खालचे सारे काढून पान अर्धे करणार आहे. पानावर आलेल्या प्रत्येकाने काय केले याचे एकेक रेकॉर्डिंग पाहत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

सुहास : हा निष्कर्ष इतक्या वेळा ऐकला आहे, की सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. स्क्रोलचा नकाशा पडदा कुठवर सरकला एवढेच सांगतो. माणूस का थांबला, हे त्यात नसते. कंटाळलेली माणसे हळूहळू गळतात, त्यामुळे रंगही सावकाश उतरत जातो. एकाच रेषेवर तो एकदम पालटत असेल, म्हणजे कडा दिसत असेल, तर त्या रेषेपाशी काहीतरी अडते आहे असे समजावे.

सिंहगड रस्त्यावरच्या एका पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या पानावर नेमके हेच होते. आधी मोबाइल आणि संगणक यांचे नकाशे वेगळे केले. कडा फक्त मोबाइलवर होता. मग क्लॅरिटी या रेकॉर्डिंगच्या साधनात मोबाइलवरून आलेली आणि याच पानावरून बाहेर पडलेली रेकॉर्डिंग निवडली, आणि प्रत्येकात जाण्यापूर्वीची शेवटची कृती कोणती, तेवढेच लिहून काढले. दरपत्रक हे चित्र होते. लोक त्यावर दोन-तीनदा बोट टेकवत, काहीच उघडत नसे, मग ते चिमटीने मोठे करत, अक्षरे फुटत आणि माणूस निघून जाई. जे त्यातूनही खाली येत, त्यांना लगेच गडद हिरवा आडवा पट्टा दिसे आणि पान संपले असे वाटे. दर मजकुराच्या ओळींत लिहिले, पट्टा काढला, आणि कडा बराच बोथट झाला. चौकशा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, हेही नमूद करतो.

प्रशांत : म्हणजे शेवटी हाती काय लागले? आपल्याला हवी ती दहा रेकॉर्डिंग निवडायची आणि हवी ती गोष्ट रचायची, याला मी पुरावा म्हणत नाही. महिन्याला दोन-तीनशे माणसे येणाऱ्या पानावर तर मुळीच नाही. गूगल ॲनालिटिक्स स्क्रोल मोजतेच; ते पुरेसे आहे.

सुहास : निवडून पाहण्याचा धोका खरा आहे; म्हणूनच एक गाळणी लावून ओळीने येतील ती पाहायची, रंजक वाटतील ती नव्हेत. पण ॲनालिटिक्सचे स्क्रोल मूळ मांडणीत पानाच्या ९० टक्क्यांवर पोहोचल्यावरच नोंदले जाते. मधल्या दरपत्रकाशी थांबलेल्याची दखल ते काय घेणार?

वैशाली (सदाशिव पेठ) : माझे फिजिओथेरपीचे पान आहे. रेकॉर्डिंग नेहमी फोन नंबरापाशीच तुटते. पान संथ आहे म्हणून एकाने वेग वाढवून द्यायचे पैसे घेतले, तरी तुटणे तसेच आहे. सर्व्हर बदलावा का?

सुहास : वैशालीताई, सर्व्हरला हात लावू नका. नंबरावर बोट ठेवले की डायलर उघडतो आणि पान मागे जाते. अनेकदा रेकॉर्डिंग तिथेच संपते. ती गळती नसून बहुधा तुमचा रुग्ण आहे. `tel:` दुव्यावरचे क्लिक स्वतंत्र मोजा आणि त्या भेटी गळतीतून वजा करा. संगणकावर नंबर वाचून हातातल्या मोबाइलवरून फोन करणारा मात्र कोणत्याच नकाशात सापडणार नाही. त्याला फोनवरच विचारावे लागते.

प्रशांत : छान! म्हणजे इतकी पाळत ठेवूनही शेवटी माणसालाच विचारायचे. आणि रुग्णाने फॉर्ममध्ये लिहिलेली कंबरदुखी कोणीतरी बसून पाहतो, याची त्या रुग्णाला कल्पना तरी असते का?

सुहास : रकान्यात टाइप केलेले क्लॅरिटी मुळातच झाकते. पाहायचे आहे ते बोट कुठे अडले; कंबर कोणाची दुखते, ते नव्हे.

प्रशांत : आणि फॉर्म पाठवल्यावर ‘धन्यवाद, अमुक अमुक’ असे पानच छापते, ते? उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या ग्राहकाचे पान तपासा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तुमच्यासाठी लागू नाही, असे दिसते.

सुहास : सूर जरा खाली आणा. पानाने छापलेले नाव झाकले जाईलच अशी हमी नाही, हा मुद्दा मान्य आहे. तिथे मास्किंग कडक ठेवावे किंवा तो भाग हाताने झाकावा. संमतीची सूचनाही हवीच. पण त्यासाठी रेकॉर्डिंगच नको म्हणणे मला पटत नाही.

वैशाली : वेगासाठी दिलेले पैसे परत मिळतील का, हे कोणी सांगेल का?

मेधा : नकाशे वेगळे करून पाहिले. मोबाइलवर कडा दरपत्रकाशीच आहे, आणि आमचेही दरपत्रक चित्रच आहे, तेव्हा सुहास यांना हवा तेवढा आनंद साजरा करता येईल. संगणकावर मात्र रंग पहिल्या परिच्छेदापासून सावकाश उतरत गेला आहे. त्यांच्याच नियमाने हा कंटाळाच ठरतो. दर मजकुरात लिहीन, पण खालचा भाग कापण्याचा बेत सोडलेला नाही.