प्रति: उंच स्ट्रायकर हेडर जिंकतो, पण पुढे काहीच होत नाही

> "आमचा नऊ नंबर जवळपास प्रत्येक लांब बॉल डोक्याने जिंकतो, तरी बॉल समोरच्यांकडेच जातो. चुकतंय कुठे?"

चूक बहुधा त्याची नाही, बाकीच्यांच्या अंतराची आहे. १ सप्टेंबर २००१ ची म्युनिकची मॅच बघा, जर्मनी १, इंग्लंड ५. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला इंग्लंडच्या बेकहॅमचा क्रॉस आला, हेस्कीने गोलवर हेडर न मारता बॉल खाली उतरवला आणि ओवेनने जर्मन गोलकीपर ऑलिव्हर कानला चकवलं. हेस्कीकडे बचावपटू ओढले जाणार हे ओवेनला ठाऊक होतं, म्हणून तो त्या गर्दीत न घुसता बॉल पडेल तिथे होता.

तुमच्याकडे एक जण स्ट्रायकरच्या मागे पळू दे, फ्लिक झालाच तर त्याच्यासाठी. दुसरा त्याच्या समोर, पाच-सात मीटरवर, समोरच्यांच्या गोलकडे पाठ करून नव्हे तर बॉलकडे येत. दोघांनीही हेडर व्हायच्या आधीच हलायला हवं. उडी बघत उभे राहिलात की उशीर झालाच. आणि मिडफिल्ड वीस मीटर मागे राहिलं असेल, तर लांब बॉल मारूच नका. स्ट्रायकरला मागून धक्का बसत असेल, तर हेडरऐवजी त्याने छातीवर घ्यावा.