फॅट, स्लिम, प्रो: खरंच फरक आहे की नुसतं प्लास्टिक?

खाडीपट्टा: पीएस४ चे फॅट, स्लिम, प्रो सगळं एकच आहे, कवच बदलून पैसे काढतात. रत्नागिरीत एक दुकानदार सेकंडहँड "प्रो" देतोय पण मी तरी नावासाठी जास्त का देऊ? कोणी पटवून दाखवा.

सोल्डरगन_रत्नागिरी: हे वाचून गप्प बसवलं नाही. बारा वर्षं ही मशीन उघडतोय. तुझं अर्धं बरोबर आहे, फॅट आणि स्लिममध्ये खेळाच्या वेगात फरक नाहीच, दोन्ही 1.84 टेराफ्लॉप्स. स्लिममध्ये चिप 28 नॅनोमीटरवरून 16 वर आली, म्हणून वीज कमी खाते, तापते कमी, वजन 2.8 किलोवरून 2.1 झालं. पण प्रो वेगळं मशीन आहे, ग्राफिक्स 4.2 टेराफ्लॉप्स, प्रोसेसर 1.6 ऐवजी 2.1 गिगाहर्ट्झ. त्याला प्लास्टिक म्हणू नकोस.

दापोलीकर: ओळखायचं एकदम सोपं आहे, मागची केबल बघ. कॉम्प्युटरची जाड तीन पिनांची असेल तर प्रो, रेडिओसारखी बारीक दोन पिनांची असेल तर प्रो नाही. आणि प्रोवर फोरके ब्लू-रे पण चालते.

सोल्डरगन_रत्नागिरी: दादा, दोन्ही अर्धवट. तीन पिनांची केबल CUH-7000 आणि 7100 या प्रो मॉडेलना आहे, शेवटच्या CUH-7200 ला पुन्हा दोन पिनांचीच, आणि नेमका तोच प्रो सगळ्यात शांत चालतो, म्हणजे तुमच्या युक्तीने चांगलाच माल नाकारला जाईल. आणि फोरके डिस्क प्रो वाचत नाही, साधी ब्लू-रेच वाचतो. फोरके मिळतं ते खेळात आणि स्ट्रीमिंगला.

दापोलीकर: ठीक आहे, डिस्कचं चुकलं. केबलवरून पहिले दोन प्रो तर ओळखता येतात ना, तेवढं तरी मान्य करा.

वेंगुर्ल्याचो: तुमचा टेराफ्लॉप ऱ्हवांदे! स्लिममध्ये ऑप्टिकल पोर्ट काढलो त्याचा काय? बाबांनी घेतलेलो होम थिएटर घरात हा, त्याका एचडीएमआय नाय, नुसतो ऑप्टिकल. स्लिम घेऊन इलंय, मागे बघतंय तर भोकच नाय. दुकानदारान एका शब्दान सांगूक नाय.

खाडीपट्टा: विषय प्रोचा आहे, होम थिएटरचा नाही.

वेंगुर्ल्याचो: विषय फरकाचोच हा! फॅटक ऑप्टिकल हा, प्रोक हा, मधल्या स्लिमकच नाय. माझ्यासाठी ह्योच सगळ्यात मोठो फरक.

दापोलीकर: टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आवाज काढा की, एवढं काय त्यात.

वेंगुर्ल्याचो: काढून बघितलंय. आमचो टीव्ही एचडीएमआयवरून इलेलो आवाज फक्त स्टिरिओ करून पुढे देता, मागचे स्पीकर गप्प. न वापरता सल्ले देव नकात.

सोल्डरगन_रत्नागिरी: यांचं म्हणणं बरोबर आहे, बरेच टीव्ही तसंच करतात. एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारा डबा मधे लावला तर पाच स्पीकर चालतात. पण स्लिमला एक गोष्ट जास्त मिळाली, 5 गिगाहर्ट्झचं वायफाय, फॅटला फक्त 2.4. तुमच्या आजूबाजूला राउटरची गर्दी असेल तर डाउनलोडला फरक पडतो.

वेंगुर्ल्याचो: वाडीत तीनच राउटर हत. माका ऑप्टिकल व्हयो होतो.

खाडीपट्टा: माझं काय? फोटोत मशीन दोन थरांचं दिसतंय, स्टिकर मात्र CUH-70 चा. दुकानदार म्हणतो स्टिकर बघा आणि पैसे द्या.

सोल्डरगन_रत्नागिरी: दोन थर म्हणजे प्रो नाही. प्रोला तीन थर असतात, सँडविचसारखे, आणि मागे तिसरा यूएसबी. स्टिकर कोणीही चिकटवतो. दुकानात सुरू करून Settings > System उघड, तिथे Boost Mode दिसायला हवं. ते फक्त प्रोमध्ये येतं, स्लिममध्ये कितीही अपडेट मारलं तरी येत नाही. फक्त सॉफ्टवेअर 4.50 किंवा पुढचं हवं, जुनं असेल तर प्रोवरही दिसणार नाही.

मिऱ्याबंदर: माझ्याकडे साधा फुलएचडी टीव्ही आहे आणि पहिला प्रो. 'गॉड ऑफ वॉर' लावला की पंखा असा ओरडतो की आई आतून विचारते मिक्सर कोणी लावलाय. चित्र बरं दिसतं, पण त्यासाठी जास्त पैसे द्यावेत असं मला तरी वाटत नाही.

सोल्डरगन_रत्नागिरी: फुलएचडीवरही त्या खेळात परफॉर्मन्स मोड मिळतो, हालचाल जास्त सुळसुळीत होते. पंख्याचं मान्य, आधी धूळ काढून चिपवरची पेस्ट बदला.

मिऱ्याबंदर: बदलली. आवाज कमी झाला, गेला नाही. मी माझ्या मतावर आहे.

खाडीपट्टा: जाऊन आलो. सॉफ्टवेअर नवीन होतं, Boost Mode नाही, मागे यूएसबीही नाही. दुकानदार म्हणाला "सेटिंग लपलंय". प्रोबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, स्लिमबद्दलचं घेत नाही. स्लिमच्या भावात देणार का विचारलं, नाही म्हणाला, तसाच परत आलो.

वेंगुर्ल्याचो: मागे ऑप्टिकल होतो काय?

खाडीपट्टा: नव्हता.